तेरीज जुळत नाही, नावे बाजू १५,६०० ने जास्त. सस्पेन्सला टाकून पुढे जाऊ का?

दूधसंस्था_सचिव
नमस्कार मंडळी. गावातल्या दूध संस्थेची सचिव म्हणून माझं हे पहिलंच वर्षअखेर आहे. आधीचे सचिव ऑक्टोबरमध्ये गेले, तेव्हापासून कीर्द मी लिहिते. कीर्द आणि खतावणी दोन्ही हातानेच आहे. ३१ मार्चच्या शिलका काढून तेरीज एक्सेलमध्ये मांडली. एकूण ६३ खाती. नावे २८,७४,९१५ आणि जमा २८,५९,३१५. फरक १५,६००. दोन रात्री खतावणी चाळतेय, काही सापडत नाही. लेखापरीक्षक पुढच्या आठवड्यात येणार आहेत. फरक सस्पेन्स खात्याला जमा दाखवून तेरीज जुळवून ठेवली तर चालेल का? का आधी शोधायलाच हवा? आणि शोधायचा तर सुरुवात कुठून करायची?

टॅलीप्रेमी
ताई, हाताने करताय म्हणून हा त्रास. सगळं टॅलीत टाका. टॅली दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय व्हाउचरच घेत नाही, त्यामुळे तिथे तेरीज चुकूच शकत नाही.

जुनी_खतावणी
टॅलीप्रेमी, व्हाउचरपुरतं तुमचं बरोबर आहे. पण ताईंना टॅलीत जाताना १ एप्रिलच्या शिलका खातेवार भराव्या लागतील, आणि त्या टॅली एकेक करून मुकाट घेतं. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर तेरजेच्या तळाशी `Difference in opening balances` अशी ओळ आपोआप उभी राहते. म्हणजे वहीतला फरक तसाच्या तसा नव्या घरी येतो, आणि तिथे तो शोधणं जास्त अवघड, कारण जुन्या नोंदी टॅलीत नसतातच.

ताई, सस्पेन्सचा विचार शेवटी करू. खतावणी मिटून ठेवा आणि आधी तेरीजच तपासा. निम्म्या वेळा चूक तिथेच असते. तीन गोष्टी बघा. रोख शिल्लक तेरजेत आली आहे का? ती कीर्दीत असते, खतावणीत तिचं पान नसतं, म्हणून हमखास राहते. दुसरं, एखादी शिलक चुकून उलट्या रकान्यात गेली आहे का? आणि तिसरं, मागच्या वर्षीच्या तपासलेल्या ताळेबंदातल्या आकड्यांशी यंदाच्या सुरुवातीच्या शिलका एकेक करून लावा.

एक्सेल_पाटी
त्याच्याही आधी एक काम. ६३ खाती म्हणजे दोन्ही रकान्यांत मिळून ६३ आकडे हवेत, कारण प्रत्येक खात्याची शिलक एकाच बाजूला असते. कुठल्याही रिकाम्या जागी हे टाका:

```
=COUNT(B2:C64)
```

६३ पेक्षा कमी आलं तर एखादा आकडा एक्सेलला आकडा वाटतच नाहीये, तो मजकूर आहे. बेरजेत तो धरला जात नाही आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. असे आकडे बहुतेक वेळा डाव्या कडेला चिकटलेले दिसतात.

दूधसंस्था_सचिव
काका, रोख शिल्लक आली आहे. सुरुवातीच्या शिलका ताळेबंदाशी लावल्या, सगळ्या बरोबर.

एक्सेल_पाटी, ६२ आलं! इमारत निधी मी `12,000/-` असा लिहिला होता, वहीत लिहितो तसा. ते `/-` काढल्याबरोबर जमा बाजू २८,७१,३१५ झाली. आता फरक ३,६०० उरलाय. नावे बाजूच अजून जास्त आहे. खूप आभार, आता हुरूप आला.

हिशेबनीस_धनू
३,६०० साठी एवढा जीव काढू नका. किरकोळ खर्चाला नावे टाका आणि मोकळ्या व्हा. अठ्ठावीस लाखांच्या तेरजेत एवढं कोण बघतं?

जुनी_खतावणी
धनू, बाजू बघा. नावे बाजू आधीच जास्त आहे. तुम्ही अजून ३,६०० नावे टाकलेत तर फरक ७,२०० होईल.

हिशेबनीस_धनू
खरंय, घाईत उलटं लिहिलं. मग किरकोळ उत्पन्नाला जमा करा. मुद्दा तोच, रक्कम लहान आहे.

जुनी_खतावणी
रक्कम लहान आहे हे आपल्याला माहीतच नाही. ३,६०० ही वजाबाकी आहे. एका बाजूला ५०,००० ची चूक आणि दुसऱ्या बाजूला ४६,४०० ची चूक असली तरी तेरजेखाली ३,६०० च दिसणार. दूध संस्थेत या रकमा कुणाच्या तरी बिलाच्या असतात. म्हणून मी ती उत्पन्नाला टाकू देणार नाही.

सोसायटी_खजिनदार
मध्येच लिहिते, माझाही सस्पेन्सचाच प्रश्न आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या बँक खात्यात गेले तीन महिने दर महिन्याला ३,५०० एनईएफटीने येतात, कुणाचे ते कळत नाही. मी ते सस्पेन्सला जमा करत गेले, आता १०,५०० साठलेत. ताईंचा फरक सापडायची पद्धत मलाही लागू पडेल ना?

जुनी_खतावणी
नाही हो, नाव एकच असलं तरी तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्याकडे बँक नावे आणि सस्पेन्स जमा अशा दोन्ही नोंदी झाल्यात, तेरीज जुळलेलीच आहे. तुम्हाला चूक शोधायची नाही, माणूस शोधायचाय. बँकेच्या उताऱ्यावरचा यूटीआर क्रमांक घेऊन शाखेत जा, पाठवणाऱ्याचं नाव मिळवा आणि रक्कम त्या सभासदाच्या खात्याला वळवा. तिन्ही महिने रक्कम सारखीच आहे, तेव्हा थकबाकीच्या यादीत ३,५०० देखभाल शुल्क असलेला कोण दिसतो तेही बघा. ताईंच्या बाबतीत अजून एका बाजूची नोंदच चुकलेली आहे.

वाणिज्य_बारावी
ताई, आम्हाला सरांनी शिकवलंय की फरकाचं निम्मं करायचं आणि ती रक्कम वहीत शोधायची. एखादी रक्कम उलट्या बाजूला खतवली की फरक दुप्पट येतो. ३,६०० चं निम्मं १,८००. आणि फरकाला ९ ने भाग गेला तर आकडे उलटसुलट झालेत. ३,६०० ला ९ ने भागलं की ४०० येतात, म्हणजे भाग जातो!

दूधसंस्था_सचिव
सापडलं!! कॅन दुरुस्ती खात्यात १४ नोव्हेंबरला १,८०० नावे आहेत. वर्षभरात १,८०० ची ही एकच नोंद. ती जमा बाजूला नेली की तेरीज तंतोतंत जुळते, आताच करून बघितलं. वहीत दुरुस्त करू ना?

जुनी_खतावणी
ताई, पेन खाली ठेवा. कॅन दुरुस्ती हा खर्च आहे, त्याची जागा नावे बाजूलाच. १४ नोव्हेंबरचं व्हाउचर काढा. पैसे संस्थेने दिले का संस्थेला मिळाले?

दूधसंस्था_सचिव
व्हाउचर बघितलं. पैसे दिलेत. वेल्डिंगवाल्याची पावती जोडलेली आहे, सही आहे, कीर्दीतही खर्चात आहे. म्हणजे नोंद बरोबरच होती. मी बरोबर नोंद चुकीची करून तेरीज जुळवणार होते. छातीत धस्स झालं.

जुनी_खतावणी
सगळ्यांच्या हातून हे होता होता राहतं. बारावीवाल्या, तुझ्या सरांच्या दोन्ही खुणा खऱ्या आहेत, पण चूक एकच असेल तेव्हाच त्या नेम धरून लागतात. चुका दोन असल्या की ३,६०० ही त्यांची बेरीज किंवा वजाबाकी असते. तिचं निम्मं केलं तरी ते कुठल्याच चुकीचं निम्मं नसतं, आणि तिला ९ ने भाग गेला काय, न गेला काय, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

म्हणून आधी फरक कधी शिरला ते शोधायचं. ताई, खतावणीत महिनाअखेरच्या शिलका पेन्सिलने लिहिलेल्या आहेत का?

दूधसंस्था_सचिव
हो, आधीचे सचिव प्रत्येक पानावर महिन्याची ओळ मारून शिलक लिहायचे. मीही तेच चालू ठेवलं.

जुनी_खतावणी
त्या सचिवांचे आभार माना, निम्मं काम ते करून गेलेत. बाराही महिन्यांची तेरीज करू नका. आधी फक्त ३० सप्टेंबरची मांडा. ६३ खात्यांच्या त्या तारखेच्या शिलका आणि कीर्दीतली त्या दिवशीची रोख शिल्लक. जुळली तर चूक ऑक्टोबरपासून पुढची. जुळली नाही तर फरक किती ते लिहून ठेवा, लगेच शोधायला लागू नका, आणि त्या सहामाहीच्या मधली तारीख घ्या. दरवेळी उरलेला काळ निम्मा होत जातो.

दूधसंस्था_सचिव
काल संध्याकाळचं दूध संकलन आटोपून बसले, रात्री साडेअकराला संपलं. जसं आलं तसं लिहिते.

३० सप्टेंबर: फरक ९००, नावे जास्त.
३० जून: जुळली.
३१ जुलै: जुळली.
३१ ऑगस्ट: ९००.
मग पुढच्या सहामाहीत ३१ डिसेंबर: ९०० च.
३१ जानेवारी: ९००.
फेब्रुवारीअखेर: ३,६००.

म्हणजे ऑगस्टमध्ये ९०० शिरले आणि फेब्रुवारीत २,७००. दोन वेगळ्या चुका आहेत, आणि त्यातली दुसरी माझ्या हातची.

जुनी_खतावणी
छान केलंत. आता बारावीवाल्याच्या खुणा वापरायच्या, कारण एका महिन्यात एकच चूक असायची शक्यता बरीच आहे. ऑगस्टचे ९००. त्याला ९ ने भागलं की १०० येतात. शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक ९ च्या पटीत येतो, आणि हा १०० सांगतो की अदलाबदल शतक आणि सहस्र या स्थानांची आहे आणि त्या दोन अंकांत फक्त एकाचा फरक आहे. म्हणजे ४ आणि ५, नाहीतर ७ आणि ८, असं काहीतरी. ऑगस्टची कीर्द आणि खतावणी शेजारी ठेवा आणि मोठ्या रकमांत अशी जोडी बघत जा. निम्मं, म्हणजे ४५०, हेही शोधून ठेवा.

दूधसंस्था_सचिव
अर्ध्या तासात मिळालं. २२ ऑगस्ट, पशुखाद्य खरेदी. कीर्दीत १४,५८० आणि खतावणीत १५,४८०. बिलावर १४,५८०. बिल, व्हाउचर आणि कीर्द तिन्ही सारखे आहेत, फक्त खतावणीत ४ आणि ५ ची अदलाबदल झाली. या वेळी आधी बिल बघितलं आणि मगच खूण केली.

फेब्रुवारीचे २,७०० मात्र अडलेत. ९ ने भागलं तर ३०० येतात, म्हणून अंकांच्या जोड्या शोधत बसले. सगळ्या रकमा कीर्दीशी बरोबर लागल्या.

हिशेबनीस_धनू
निम्मं बघा ना ताई, १,३५०. अर्धी रक्कम स्वतःच ९ च्या पटीत असली की फरकालाही ९ ने भाग जाणारच. तिथे नऊची खूण फसवते.

आणि नुसत्या रकमा लावू नका, बाजूही लावा. रक्कम बरोबर असून बाजू चुकलेली असली तर आकडे बघणाऱ्याला ती दिसत नाही. मीही असाच एकदा तीन दिवस अडकलो होतो.

दूधसंस्था_सचिव
धनूदादा, तुमचं बरोबर निघालं. १,३५० ची नोंद आहे. संघाने जानेवारीचं कमिशन रोख दिलं नव्हतं, फेब्रुवारीच्या दूध बिलात धरून दिलं होतं. म्हणून परस्पर जमाखर्च केला होता: संघाचं खातं नावे १,३५०, कमिशन जमा १,३५०. संघाच्या पानावर बरोबर नावे लिहिलं, आणि लगेच पान उलटून कमिशनच्या पानावरही नावे बाजूलाच लिहिलं. बाकी वर्षभराचं कमिशन जमा बाजूला आहे आणि मध्येच ही एक ओळ पलीकडे. आता बघितलं की डोळ्यांत भरते, पण मी त्या पानावरून चार वेळा तरी गेले असेन.

जुनी_खतावणी
रोख न हलणाऱ्या नोंदीत ही चूक जास्त होते. रोखीच्या नोंदीला कीर्दीची बेरीज सांभाळते, संध्याकाळी पेटीतले पैसे मोजले की कळतं. परस्पर जमाखर्चाला तसं कोणी राखण नसतं.

आता तेरीज नव्याने बघा. पशुखाद्य खरेदीत ९०० जास्त नावे पडले होते, ते कमी केल्यावर नावे बाजू २८,७४,०१५. कमिशनची जमा शिलक २,७०० ने कमी दिसत होती, कारण १,३५० जमा व्हायचे राहिले आणि वर १,३५० वजा झाले. ते भरल्यावर जमा बाजू २८,७४,०१५.

दूधसंस्था_सचिव
जुळलं काका. दोन्ही बाजू २८,७४,०१५. दोनदा बेरीज केली.

एक विचारते. मी तेव्हा घाबरून खतावणीत सस्पेन्सचं पान उघडलं होतं आणि ३१ मार्चला ३,६०० जमा लिहून ठेवले होते. आता ते पान फाडू का खोडू?

जुनी_खतावणी
फाडायचं मुळीच नाही. पान फाटलेलं दिसलं की लेखापरीक्षक बाकी सगळ्याच पानांकडे संशयाने बघतो. सस्पेन्स उघडलंय तर ते रीतसर मिटवा. ३१ मार्चच्याच तारखेला दोन दुरुस्ती नोंदी करा. पहिली: सस्पेन्स नावे ९००, पशुखाद्य खरेदी जमा ९००. दुसरी: सस्पेन्स नावे २,७००, कमिशन जमा २,७००. दुसरीत १,३५० लिहायचा मोह होईल, पण चुकीची बाजू पुसायला एकदा आणि बरोबर बाजू भरायला एकदा, असे दुप्पटच लागतात. सस्पेन्सला ३,६०० जमा होते, ३,६०० नावे पडले, खातं शून्य. प्रत्येक नोंदीखाली व्हाउचर क्रमांक, मूळ तारीख आणि नेमकं काय चुकलं होतं ते एका ओळीत लिहा.

आणि नफ्याकडे लक्ष द्या. दोन्ही खाती नफातोट्याची आहेत. खर्च ९०० ने कमी झाला, उत्पन्न २,७०० ने वाढलं, म्हणजे यंदाचा नफा ३,६०० ने वाढेल. सस्पेन्स तसंच ताळेबंदात देणं म्हणून ठेवलं असतं तर सभासदांच्या वाट्याचा हा नफा कुणाचं तरी देणं म्हणून दिसत राहिला असता.

हिशेबनीस_धनू
इथे माझं वेगळं मत आहे. वर्ष बंद झालेलं नाही, लेखापरीक्षण व्हायचंय. चूक फक्त खतावणीतली आहे, कीर्द आणि व्हाउचर दोन्ही बरोबर आहेत. चुकीच्या रकमेवर लाल शाईने एक सरळ रेघ, वर बरोबर रक्कम, शेजारी सही आणि तारीख. सस्पेन्सच्या ३,६०० वरही तशीच रेघ. आमच्याकडे लेखापरीक्षकांनी नेहमी हेच चालवून घेतलं. खतवण्याच्या चुकीसाठी मुद्दाम नोंद केली की पुढच्या वर्षी पशुखाद्य खात्यात ती ९०० जमा बघून वाचणारा गोंधळतो, की खाद्य परत केलं की काय.

जुनी_खतावणी
सस्पेन्सचं पान उघडलंच नसतं तर मी तुमचं ऐकलं असतं. एकदा ते खातं खतावणीत आलं आणि तेरजेत धरलं गेलं की मला मागोवा कागदावर हवा असतो. गोंधळाचं म्हणाल तर म्हणूनच नोंदीखाली कारण लिहायचं.

हिशेबनीस_धनू
रेघ, सही आणि तारीख हाही मागोवाच आहे. असो. ताई, तुमच्या लेखापरीक्षकांना आधी फोन करून विचारा, ते म्हणतील तसं करा.

वाणिज्य_बारावी
म्हणजे आता तेरीज जुळली, हिशेब बरोबर आहे. ताई, अभिनंदन!

जुनी_खतावणी
पोरा, तेरीज जुळली याचा अर्थ नावे आणि जमा सारखे आहेत एवढाच. २२ ऑगस्टचं ते बिल कीर्दीतच लिहायचं राहिलं असतं तरी आज तेरीज अशीच जुळली असती. पशुखाद्याऐवजी वाहतूक खात्याला नावे पडलं असतं तरी जुळली असती. ताई, सभासद उचलीच्या वहीची बेरीज खतावणीतल्या सभासद उचल खात्याशी लावलीत का?

दूधसंस्था_सचिव
आता लावली काका. खतावणीत सभासद उचल १,१२,२५०. सभासदवार वहीतल्या सगळ्यांच्या उचलींची बेरीज १,१२,६४०. ३९० चा फरक. म्हणजे कुणाच्या तरी नावावर ३९० जास्त दिसतात, आणि तेरजेत याचा पत्ताच नाही, कारण तेरजेत खतावणीचं एकच खातं जातं.

३९० ला ९ ने भाग जात नाही. निम्मं १९५. उचलीच्या दहा दिवसांच्या हप्त्यांत १९५ चे बरेच आहेत, त्यामुळे नुसत्या खुणेवरून कुणाचंही नाव धरता येणार नाही. हप्ता दुधाच्या बिलातून कापला गेला, खतावणीत आला, पण सभासदाच्या पानावर चढलाच नाही, असं असेल तर दोन हप्ते राहिलेत असाही अर्थ निघतो.

जुनी_खतावणी
निघतो. किंवा एक हप्ता कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. दोन्हींत ३९० च येणार.

एक्सेल_पाटी
दर दहा दिवसांच्या बिलाच्या यादीत उचल कपातीचा रकाना असेल ना? त्या रकान्याची बेरीज आणि सभासद वहीत त्या दहा दिवसांत चढलेल्या कपातींची बेरीज, अशा ३६ जोड्या लावा. इथेही आधी वर्षाच्या मधली जोडी घ्या.

दूधसंस्था_सचिव
तेच करते. लेखापरीक्षकांना फोन केला होता. सस्पेन्सच्या दुरुस्तीचं ते आल्यावर बघू म्हणाले, तोवर पानाला हात लावू नका असं सांगितलं. सभासद उचलीचं मात्र त्यांना आजच सांगून ठेवलं. उद्या सकाळचं संकलन झालं की सप्टेंबरअखेरच्या बिलापासून सुरू करते. ज्यांच्या नावावर हे ३९० निघतील त्यांना मी स्वतः घरी जाऊन वही दाखवणार आहे.